दर आठवड्याला नवा हिरो: सहा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाची थीम आणि साडेचारशे रुपयांतली सजावट

गेल्या वर्षी मुक्ताच्या वाढदिवसाला मी नऊशे रुपयांचा तयार थीम-संच ऑनलाइन मागवला होता. तेव्हा घरात सगळं निळ्या मांजराचं चाललं होतं, म्हणून मांजराचाच मागवला. आमच्या गावात पार्सल यायला दहा दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात मांजराची सद्दी संपली. भिंतीवर पंधरा निळी तोंडं लावली तर मुक्ता म्हणाली, "हे बाळांचं आहे," आणि ओटीवर जाऊन फुगून बसली. सासूबाईंनी विचारलं, "गो, आता मांजर नको झाला तिका?" भर म्हणजे क्रेपचे झिरमिळ्यांचे हार जूनच्या दमट हवेने लोंबले आणि त्यांचा गुलाबी रंग चुन्याच्या भिंतीवर उतरला. तो डाग अजून आहे.

यंदा ती सहा वर्षांची झाली. वाढदिवस शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, घर देवगडजवळ, पाऊस नुकताच लागलेला. मे महिन्यात मुंबईची भावंडं येतात आणि त्यांच्या मोबाइलबरोबर नवनवीन पात्रंही येतात, त्यामुळे आवडी बदलण्याचा वेग आमच्याकडे सगळ्यात जास्त असतो तो नेमका याच दिवसांत. यंदा मी पात्र निवडायच्या भानगडीतच पडले नाही. काय केलं ते क्रमाने सांगते.

पाच आठवडे: पात्र लिहू नका, खेळ लिहा

"तुला सध्या कोण आवडतं?" हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर नेहमी काल पाहिलेल्या कार्टूनचं असतं, आणि एकदा तोंडाने नाव घेतलं की त्याचा हट्ट होतो. त्याऐवजी पोर ते पात्र होऊन करते काय, ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्दांत लिहून ठेवायचं. टीव्ही बंद असताना जे खेळेल तेवढंच लिहायचं. टीव्ही चालू असला की सगळीच मुलं समोरचं दिसेल ते करतात, त्यावरून काही कळत नाही.

माझ्या कॅलेंडरवर पाच आठवड्यांत हे जमलं. पहिला आठवडा बर्फाच्या राजकन्येचा: ओढणी पांघरून आजीच्या बांगड्या तांदळाच्या डब्यात पुरल्या आणि "बर्फ फोडून" बाहेर काढल्या. दुसरा बचावटोळीतल्या कुत्र्याचा: मांजरीचं पिल्लू हरवलंय असं ठरवून हुंगत हुंगत घरभर फिरली आणि शेवटी पिल्लाला माळ्यावरून "शोधून" आणलं, जिथे तिनेच ते ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात डायनासोर आला. खाल्लेल्या आंब्यांचे बाठे म्हणजे अंडी, ती खळ्याच्या कडेला पुरायची आणि दुसऱ्या दिवशी मोजून उकरायची. चौथ्या आठवड्यात जलपरी झाली, पण ती नुसती आजोबांच्या लुंगीत पाय घालून टबात बसून राहायची. पाचव्यात जाळं फेकणारा लाल माणूस, त्याचं काम खिडकीच्या गजांवर चढणं.

पाचांपैकी तिघांत एकच गोष्ट दिसते: लपवायचं आणि शोधून काढायचं. पाचांत तीनदा आलं की ते मुलाचं स्वतःचं आहे असं मी धरते. दोनदाच आलं तर आणखी एक आठवडा थांबावं. एक चूक इथे हमखास होते. "पळते", "ओरडते", "उड्या मारते" असल्या नोंदींवरून काही ठरत नाही, कारण ते सगळीच पोरं करतात. आपल्या नोंदीतलं क्रियापद शेजारच्या मुलालाही तितकंच लागू पडत असेल तर ते बाद करायचं.

थीम म्हणजे जागा

क्रियापद हाती आलं की ते जिथे होऊ शकेल अशी जागा शोधायची आणि तीच थीम. शोधाशोध करणाऱ्या मुक्तासाठी आम्ही बेट धरलं, खजिन्याचं. तुमचं पोर सतत स्वयंपाक करत असेल, काहीतरी विकत असेल, तर गावची जत्रा घ्या. मालवणी खाजा आणि पिपाण्यांचं दुकान मांडायला कसला खर्च नाही. कुणाला तरी वाचवणाऱ्याला बंदर, सारखी घरं बांधणाऱ्याला जंगलातली झोपडी, गाड्या ओळीने लावणाऱ्याला कोकण रेल्वेचं स्टेशन.

जागा पक्की करण्याआधी मी एक परीक्षा घेते. एकमेकांशी अजिबात न जुळणारी तीन पात्रं मनात आणायची आणि ती त्या जागी काय करतील ते एकेका वाक्यात सांगता येतं का बघायचं. बेटावर राजकन्येचं गलबत अडकलंय, कुत्रा वास काढतोय, डायनासोर तर तिथलाच रहिवासी. जमलं. आधी मी "बर्फाचा महाल" विचारात घेतला होता, तो इथेच नापास झाला, कारण तिथे लाल माणूस काय करतो ते मलाच सुचेना. जी थीम समजावून सांगावी लागते ती आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

मुलीला विचारायचं ते यानंतर, आणि तेही "बेट चालेल का?" असं नाही. दोन कागदांवर दोन जागा खडूने चितारून समोर ठेवल्या, बेट आणि जंगल, आणि विचारलं, "यात तू काय काढशील?" बेटावर तिने तासभर रेघोट्या ओढल्या, जंगलात एक झाड काढून कागद परत केला. ठरलं.

पक्कं आणि कच्चं

आता सगळ्या सजावटीचे दोन भाग करायचे. पक्क्या भागात समुद्र, वाळू, माड, होड्या, म्हणजे ज्याला चेहरा नाही ते सगळं. हे दहा दिवस आधीपासून निवांत करता येतं. कच्च्या भागात पात्राचा चेहरा, नाव किंवा खूण असलेलं काहीही. त्याला जागा दोनच: केकवरचा झेंडा आणि पडद्यासमोर उभा केलेला एक पुठ्ठा. त्यावर शंभर रुपयांपेक्षा जास्त घालायचे नाहीत आणि शुक्रवार संध्याकाळच्या आधी हात लावायचा नाही. केकसुद्धा साधा सांगितला, वर नुसतं निळं क्रीम, कारण बेकरीला दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि फोटो छापलेला केक मागे घेता येत नाही.

यात एक गोष्ट सांभाळायची. चुलत्या-आत्यांना आधीच फोन करून सांगायचं, की पात्राचं काही आणू नका. नाहीतर आपण ठेवलेल्या दोन जागांच्या चार होतात.

समुद्र: दोन साड्या

मागची भिंत झाकायला फ्लेक्स लागत नाही. साडीची रुंदी साधारण सव्वा वार, म्हणजे एक मीटरच्या थोडी वर, आणि लांबी साडेपाच मीटर. दोन जुन्या निळ्या साड्या एकीखाली एक आडव्या लावल्या की दोन मीटरहून उंच पडदा होतो. फिकी वर, गडद खाली. आकाश आणि पाणी आपोआप वेगळं दिसतं. पडवीच्या भिंतीलगतच्या दोन खांबांमध्ये नायलॉनची दोरी एकदा डोक्याच्या वर आणि एकदा कमरेच्या उंचीवर ताणायची, साडीचा काठ दोरीवरून चार बोटं मागे दुमडायचा आणि दर वीतभर अंतरावर कपड्यांचे चिमटे. चुणी घालायचा मोह आवरा; चुणी घातली की साडी निम्म्यातच संपते.

खरी अडचण वाऱ्याची. जूनमध्ये वारा समुद्राकडून येतो, म्हणून पडदा घराच्या भिंतीला लागून, आतल्या अंगाला लावायचा. बाहेरच्या बाजूला लावला तर तो शिडासारखा फुगतो आणि केकवर येतो. खालच्या काठाच्या दुमडीत चिव्याची एक काठी घातली की साडी उडत नाही. लाइटच्या माळा गणपतीच्या होत्या त्याच लावल्या, पण त्यांच्यावर भिस्त ठेवली नाही. पहिल्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून माळा बंद असतानाही सजावट बरी दिसते का ते आधी बघून घ्यायचं. आणि साड्या, सुकी झावळं यांच्या जवळपास मेणबत्ती नको. केकवरची एक तेवढी पुरे.

माड आणि होडी: आंब्याचे खोके

आंब्याचा हंगाम संपता संपता रिकामे पुठ्ठ्याचे खोके हवे तेवढे मिळतात. मोठे सहा घेतले. उभं राहणारं काहीही कापताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असं कापायचं. खोक्याची कड बघितली की बारीक लाटा दिसतात, त्याच या नळ्या. त्या आडव्या पडल्या तर तीन फुटांचा माड संध्याकाळपर्यंत कमरेत वाकतो. माझा पहिला वाकलाच. मग मागून खराट्याच्या हिरांची जुडी टेपने चिकटवली तेव्हा कुठे उभा राहिला.

खोक्यावरची छपाई झाकायला वर्तमानपत्र चिकटवायचं, ते घरच्या खळीने. दोन चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, अर्धा कप पाणी उकळून त्यात ओतायचं आणि मंद आचेवर पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळायचं. या दिवसांत ही खळ दुसऱ्या दिवशीच आंबते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून लागेल तेवढीच करावी. थर पातळ द्यायचा. ओला पुठ्ठा जाड खळीने पोखरल्यासारखा मऊ होतो आणि बाहेर ऊन नसल्यामुळे सुकायचं नाव घेत नाही. वाळला की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने कळतं: गार लागला तर आत ओल आहे, रंग देऊ नका.

तयार झालेले पुठ्ठे भिंतीला टेकवून ठेवू नका. एक होडी मी रात्रभर ओल्या भिंतीला टेकवून ठेवली, सकाळी तिचा तळ बिस्किटासारखा झाला होता. मग सगळं उचलून चुलीवरच्या माळ्यावर टाकलं, तिथे आठ दिवस कडक राहिलं. रंगाला पोस्टर कलरच्या पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या बाटल्या घेतल्या. वाळूला आणि खोडाला परसातली तांबडी माती खळीत कालवून लावली. कुठल्याही विकतच्या तपकिरी रंगापेक्षा तो रंग छान येतो.

झावळं, आणि तांबड्या मुंग्या

दाराची कमान करायला खऱ्या माडाची चार झावळं पुरतात. हिरवीगार तोडू नका. माडाला ती हवी असतात, त्यांच्यावरच नारळ धरतो. पाडेली नारळ काढायला चढला की त्याला खालची, पिवळी पडू लागलेली झावळं मागायची. तो ती नाहीतरी तोडून टाकतोच. आदल्या दिवशी आणून सावलीत आडवी ठेवायची आणि पाणी मारायचं. उभी ठेवली तर रात्रीत पात्या गळपटतात. खांबाला सुंभाने बांधताना देठाकडचा जाड, धारदार भाग खाली आणि भिंतीकडे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला नको.

आणताना प्रत्येक झावळ जमिनीवर दोनदा आपटायचं. मी आपटलं नाही. तांबड्या मुंग्यांचं पानं शिवलेलं अख्खं घरटं पात्यांमध्ये होतं, आणि माझ्या नवऱ्याला ते शिडीवर उभा असताना कळलं. सुकलेल्या चुडतांमध्ये तर विंचू-गोमही असतात, म्हणून सजावटीला परसात पडलेली चुडतं वापरू नयेत.

पताकांना कागद नको, क्रेप तर नकोच. शिंप्याकडून कापडाची कात्रणं मागून आणली, वीत-दीड वीत लांबीच्या पट्ट्या फाडल्या आणि दोरीवर एकेक गाठ मारत गेलो. शिवण नाही, चिकटवणं नाही, भिजल्या तरी वाळतात. हे काम मुक्ता आणि तिचे दोन चुलत भाऊ यांनी एका दुपारी उरकलं.

फुगे आणले नाहीत. आणायचेच असतील तर फुटलेल्या फुग्याचा तुकडा तिथल्या तिथे उचला. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात.

विरीच्या होड्या: जिथे प्रत्येकाचा हिरो बसतो

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चाललेली गोष्ट. पोफळीची विरी, म्हणजे झावळाच्या देठाचं रुंद आवरण, शेजारच्या बागेत पडलेली मिळते; लहानपणी आपण तिच्यावर बसून एकमेकांना ओढायचो तीच. बारा मुलं येणार होती, मी चौदा विऱ्या आणल्या, कारण एक-दोन फाटतातच. सुकी विरी तशीच दुमडली तर कडकन मोडते, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवायची. बोटाने दाबल्यावर चामड्यासारखी वाकली की झाली. मग हातभर तुकडा कापायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरून आत दुमडायची आणि हीर टोचून अडकवायचा. होडी तयार. सावलीत सुकली की तो आकार धरून ठेवते.

बाराही होड्या पडद्यासमोर मांडल्या, तीच मुख्य सजावट. प्रत्येक मूल आलं की त्याला वीतभर कार्डपेपर आणि खडू द्यायचे: तुझ्या होडीचा खलाशी काढ. ज्याला जो आवडतो तो त्याने काढला. त्यामुळे बारा मुलांच्या बारा आवडी एकाच बेटावर आल्या आणि "माझा का नाही?" हे भांडण झालंच नाही. खजिना होता करवंट्यांमध्ये: दोन करवंट्या तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधलेल्या, आत चिक्की. त्या झावळांमागे, खोक्यांच्या आत, पायरीखाली लपवल्या होत्या. लपवण्याचं काम मुक्ताकडे होतं, आणि त्या दिवशी दुसरं काही तिला नको होतं. करवंटीच्या कडा मात्र फरशीवर घासून घ्या, कापतात.

शुक्रवारची संध्याकाळ

कच्चा भाग करायला बसले आणि विचारलं, "मग, बेटावर कोण येणार?" मला वाटलं होतं जलपरी नाहीतर लाल माणूस.

"जेसीबी."

गेले चार दिवस आमच्या पाणंदीत जेसीबी गटार खणत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो कुठल्या कार्टूनमधला नव्हता. गेल्या वर्षीच्या संचात याला कुठे बसवलं असतं, देव जाणे. पण बेटावर खजिना पुरलेला असतो आणि तो खणायला कुणीतरी लागतंच. उरलेल्या खोक्याचा चौकोन, घोटीव कागदाचे चार पिवळे ताव, चाकांना डब्यांची झाकणं, आणि खोरं म्हणजे करवंटीच. पाऊण तासात उभा राहिला. केकवरचा झेंडा तिने स्वतः काढला: पिवळा ठोकळा, त्याला डोळे.

अंतिम वेळ पाळायची ती इथे. शुक्रवारी रात्री आठनंतर काही बदललं तर पुठ्ठा नवीन होत नाही. नवा हिरो खलाशी म्हणून तिच्या होडीत बसतो. हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी खेकडा आवडायला लागला, तो होडीत बसला.

खर्चाचा हिशोब: दोरी आणि सुतळी चाळीस रुपये, टेप साठ, रंग एकशेवीस, कार्डपेपर आठ ताव शहाण्णव, घोटीव कागद वीस. सजावट तीनशे छत्तीस. चिक्की एकशेवीस धरून चारशे छप्पन्न. केक आणि खाणं यात नाही. शिंप्याला एक नारळ दिला तो घरचा.

संपल्यावर साड्या त्याच रात्री उतरवा, दमट हवेत घडी पडून राहिल्या तर काळे ठिपके धरतात. झावळांचे खराटे झाले. होड्या मुलं घरी घेऊन गेली, पण वाटेत व्हाळ लागतो आणि पाऊस सुरू झालेला, तेव्हा किती घरापर्यंत पोचल्या ते विचारू नका. जेसीबी पडवीत उभा आहे. त्याच्या खोऱ्यात काल आंब्याचे तीन बाठे सापडले.